ती उभी नाही, टांगलेली आहे

"ती उभी नाहीये गं, टांगलेली आहे." शेजारच्या टेबलावरची मैत्रीण माझ्या स्क्रीनकडे बघून एवढंच बोलली आणि चहाला गेली.

अनरील या गेम इंजिनमध्ये आमचं पात्र, एक बाई, जिन्यावर उभं होतं. वरच्या पायरीवर एक पाय, 18 सेंटीमीटर खाली दुसरा. यासाठी वेगळी अ‍ॅनिमेशन क्लिप नाही, सपाट जमिनीवरची एकच पोझ. बाकी सगळं कंट्रोल रिगचा, म्हणजे पात्राची हाडं हलवणाऱ्या साधनाचा, ग्राफ दर फ्रेमला ठरवतो: दोन्ही पावलांखाली ट्रेस, म्हणजे अदृश्य रेषा, टाकून जमीन शोधायची, मग आयकेने, म्हणजे पावलाच्या जागेवरून पायाचे सांधे किती वाकवायचे ते काढणाऱ्या गणिताने, पाऊल तिथे टेकवायचं.

खालचा गुडघा काठीसारखा ताठ आणि पाऊल हवेत. मी आयकेच्या सेटिंग्ज उकरत बसले. चूक कमरेत होती! पेल्विस किती खाली न्यायचा, यासाठी मी दोन्ही पायांची सरासरी घेतली होती, म्हणजे 9 सेंटीमीटर. पण पाय दुमडतो, लांब होत नाही. उरलेले 9 तो आणणार कुठून?

सरासरीऐवजी खालच्या पायाचा आकडा घेतला. कंबर पूर्ण 18 ने उतरली, वरचा गुडघा आपोआप वाकला, दोन्ही पावलं टेकली.

तरी धड खांबासारखं सरळच. मग 10 अंशांचा पुढचा झुकाव पाठीच्या `spine_01` ते `spine_05` या पाच हाडांमध्ये 2-2 अंश वाटला, तेव्हा कुठे तिचं वजन पायरीवर आल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी घरचा जिना चढताना मधेच थांबले. आपली कंबर आधी हलते की पाऊल? तुम्ही कधी पाहिलंय?