आमची वाटचाल: दोन खोल्यांची अदलाबदल आणि उरलेली बाकी

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये आज तापमान-आर्द्रतेचे रेकॉर्डर आणि त्यांना जोडणारी पॅनेल बनतात. सुरुवात मात्र दुरुस्तीपासून झाली. वजनकाटे, जिनिंगमधले कंट्रोलर, डाळ मिलचे टायमर, जे येईल ते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू उघडून बघण्याचं शिक्षण फुकट मिळायचं, वर मजुरीही मिळायची. स्वतःचा माल बनवायला आम्ही लागलो ते अशाच एका दुरुस्तीमुळे.

कळमना भागातल्या एका शीतगृहात कंट्रोल रूममधल्या डिस्प्लेवर अधूनमधून विचित्र आकडे यायचे. संत्र्याची खोली ६ अंशांवर आणि माल गाडीत चढवण्याआधी ठेवायची खोली १४ अंशांवर असायची. क्षणभर हे दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी जायचे, अलार्म वाजायचा आणि पुढच्या वाचनाला सगळं ठीक. तिथला ऑपरेटर वैतागून म्हणाला, “भाऊ, सेन्सर तर नवे बसवले ना, मंग हे काहून असं दाखवून राहिलं?” सेन्सर खरंच चांगले होते. सेन्सरचे आकडे आणणाऱ्या आरएस-४८५ च्या लाइनवर आम्ही लॅपटॉप लावला आणि येणारे सगळे फ्रेम, म्हणजे एका वेळी जाणारे बाइटांचे संच, उतरवून घेतले. बिघाडाच्या क्षणी सापडलं ते हे:

```
पाठवलं :  00001100  00011100   (12, 28)
मिळालं :  00011100  00001100   (28, 12)
```

तापमान अर्ध्या अंशाच्या मापात एका बाइटमध्ये जात होतं, म्हणजे १२ म्हणजे ६ अंश आणि २८ म्हणजे १४ अंश. दोन्ही बाइटांमधला एकच, त्याच जागेवरचा बिट उलटला होता. फ्रेमच्या शेवटी तपासणीसाठी सगळ्या बाइटांची बेरीज पाठवली जायची. एका बाइटमध्ये १६ वाढले, दुसऱ्यात १६ कमी झाले, बेरीज जागच्या जागी. बेरजेऐवजी बाइटांचा एक्स-ऑर असता, म्हणजे दोन बिट वेगळे असतील तर १ आणि सारखे असतील तर ० अशी मिसळणी, तरी हेच झालं असतं, कारण एकाच स्तंभातले दोन बदल एकमेकांना खोडतात.

असे दोन बिट एकत्र का उलटतात, याचं उत्तर केबल ट्रेमध्ये होतं. सिग्नलची वायर कॉम्प्रेसरच्या पॉवर केबलला चिकटून गेली होती. कॉम्प्रेसर चालू करणारा कॉन्टॅक्टर ओढला की लाइनवर मिलिसेकंदभर वरखाली थरथरणारा स्पाइक येई. ९६०० बॉडला एक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे तेवढ्या वेळात दहाएक बिट जातात. त्यातले काही उलटतात, काही वाचतात. कारखान्यातल्या चुका अशा झुबक्याने येतात. एकटा-दुकटा बिट उलटणं हे पुस्तकात जास्त आणि मिलमध्ये कमी. अशा झुबक्याला ‘बर्स्ट’ म्हणतात, आणि पहिल्या चुकलेल्या बिटापासून शेवटच्या चुकलेल्या बिटापर्यंतचं अंतर ही त्याची लांबी.

वायर वेगळ्या ट्रेमधून नेली, बिल घेतलं. पण आपला स्वतःचा रेकॉर्डर काढायचा तर त्यात बेरीज चालणार नाही हे तिथेच ठरलं. त्यात सीआरसी बसवायचा होता. डब्ल्यू. वेस्ली पीटरसन आणि डी. टी. ब्राउन यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत आमच्या कामाला का बसते, हे आम्ही आधी कागदावर चार खान्यांच्या रजिस्टरने तपासलं. नवीन मुलगा कामाला आला की आजही तोच कागद त्याच्यापुढे ठेवतो.

सीआरसी म्हणजे भागाकार. संदेशाचे बिट ही एक लांबलचक संख्या मानायची, ठरलेल्या भाजकाने भागायचं आणि बाकी संदेशामागे जोडून पाठवायची. फरक इतकाच की इथे हातचा नसतो. वजाबाकीच्या जागी एक्स-ऑर. म्हणून हा भागाकार एका शिफ्ट रजिस्टरने आणि दोन-चार गेटांनी होतो. भाजक `10011` घेऊ, म्हणजे x^4 + x + 1. रजिस्टरला खाने चार. दर ठोक्याला उजवीकडून एक बिट आत येतो आणि डावीकडून एक बाहेर पडतो. बाहेर पडलेला बिट १ असेल तर आतल्या चार खान्यांवर `0011` चा एक्स-ऑर करायचा. ० असेल तर नुसतं सरकायचं. भाजकाचा पहिला १ त्या बाहेर पडलेल्या बिटाला खोडतो, म्हणून तो वेगळा लिहावा लागत नाही.

संदेश `11010110` घेऊ. बाकीला जागा म्हणून त्यामागे चार शून्यं लावू.

```
आत   बाहेर   रजिस्टर
1     0     0001
1     0     0011
0     0     0110
1     0     1101
0     1     1001
1     1     0000
1     0     0001
0     0     0010
0     0     0100
0     0     1000
0     1     0011
0     0     0110
```

पाचव्या ओळीत पहिल्यांदा १ बाहेर पडला: `1101` सरकून `1010` झालं आणि त्यावर `0011` बसून `1001`. शेवटी उरलं `0110`. शून्यांच्या जागी हीच बाकी बसवून `110101100110` लाइनवर सोडायचं. घेणारा हे बाराही बिट तशाच रजिस्टरमधून फिरवतो आणि शेवटी त्याला `0000` मिळालं पाहिजे.

आता चौथा, पाचवा आणि सातवा बिट उलटला असं समजा. घेणाऱ्याला मिळेल `110011000110`. हे रजिस्टरमधून काढलं की शेवटी `1000` उरतं आणि चूक उघडी पडते. एका उदाहरणात पकडली म्हणून प्रत्येक वेळी पकडेल कशावरून, हा प्रश्न आमच्याकडच्या एका पोराने पहिल्याच दिवशी विचारला होता. प्रश्न योग्यच होता.

त्याचं उत्तर असं. हातचा नसल्यामुळे मिळालेले बिट म्हणजे पाठवलेले बिट आणि चुकीचा नमुना यांचा नुसता एक्स-ऑर, आणि बाक्याही तशाच एकमेकींत मिसळतात. पाठवलेल्याची बाकी शून्य आहे. म्हणून शेवटी जे उरतं ती फक्त चुकीच्या नमुन्याची बाकी. संदेश काय होता याच्याशी तिचा संबंध नाही. तेव्हा संदेश विसरून जा आणि फक्त चूक रजिस्टरमध्ये घाला: `000110100000`.

आधी शून्यं येतात, रजिस्टर रिकामं राहतं. मग बर्स्ट आत येतो. तो चार बिटांचा किंवा त्याहून लहान असेल तर त्याचा कोणताही बिट डावीकडून बाहेर पडण्याआधी तो पूर्ण आत मावतो. आपल्या उदाहरणात या क्षणी रजिस्टरमध्ये जसाच्या तसा `1101` दिसतो. यानंतर उजवीकडून फक्त शून्यं येणार. आता हे रजिस्टर परत रिकामं होऊ शकेल का? बाहेर ० पडला तर आतले सगळे १ आतच राहिले, फक्त एक घर सरकले. बाहेर १ पडला तर `0011` चा एक्स-ऑर होतो. उजव्या टोकाच्या खान्यात नुकतंच ० आलेलं असतं, म्हणून तिथे हटकून १ बसतो. दोन्ही वाटांनी किमान एक १ शिल्लक. `1101` नंतर रजिस्टर `1001`, `0001`, `0010`, `0100`, `1000` असं फिरत राहतं, `0000` कधीच होत नाही. भाजकाचा शेवटचा बिट १ असावा लागतो तो एवढ्यासाठीच.

बर्स्ट पाच बिटांचा झाला की गॅरंटी संपते. पाचवा बिट आत येताना पहिला १ बाहेर पडतो, आणि उरलेले चार बरोबर `0011` असतील तर एक्स-ऑरने सगळं पुसलं जातं. म्हणजे चुकीचा नमुना हुबेहूब भाजकासारखा असला तरच ती निसटते. दोन टोकांचे १ ठरलेले, मधले तीन मोकळे, म्हणून आठ नमुन्यांपैकी एक. हेच सोळा खान्यांना लावा: सोळा बिटांपर्यंतचा प्रत्येक बर्स्ट सापडतोच, सतरा बिटांच्या नमुन्यांपैकी ३२,७६८ मध्ये एक निसटतो आणि त्याहून लांब असेल तर ६५,५३६ मध्ये एक. शीतगृहातली ती अदलाबदल डेटाच्या नऊ बिटांची होती. सोळाच्या सीआरसीपुढे तिला वावच नव्हता.

रेकॉर्डरने पॅनेलशी बोलण्यासाठी आम्ही मॉडबस घेतलं. ते १९७९ पासून चालत आलेलं, जवळपास कोणत्याही पीएलसीला जोडता येतं, आणि त्याचा भाजक x^16 + x^15 + x^2 + 1 ठरलेला. आमच्या ८०५१ वर्गातल्या चिपमध्ये सीआरसीचं हार्डवेअर नव्हतं, म्हणून शिफ्ट रजिस्टर प्रोग्रामातच लिहिलं:

```c
uint16_t crc = 0xFFFF;
while (n--) {
    crc ^= *p++;
    for (int i = 0; i < 8; i++)
        crc = (crc & 1) ? (crc >> 1) ^ 0xA001 : crc >> 1;
}
```

कागदावरचं रजिस्टर डावीकडे सरकत होतं, हे उजवीकडे सरकतं, आणि `0xA001` म्हणजे तोच भाजक उलट्या क्रमाने लिहिलेला. (संदेशाचा बिट इथे बाहेर पडायच्या टोकाशीच मिसळतो, त्यामुळे मागची शून्यं वेगळी घालावी लागत नाहीत; बाकी तीच येते. सुरुवातीचा `0xFFFF` यासाठी की रिकाम्या रजिस्टरला संदेशाच्या तोंडाशी आलेली शून्यं किती हे कळत नाही.) उजवीकडे का सरकायचं, हे मात्र नीट समजून घेण्यासारखं आहे. सिरियल पोर्ट प्रत्येक बाइटचा सर्वांत हलका बिट आधी पाठवतो. बर्स्टची गॅरंटी तारेवर शेजारी असलेल्या बिटांसाठी आहे, तेव्हा भागाकारही तारेवरच्या क्रमानेच व्हायला हवा. याच कारणाने मॉडबसमध्ये सीआरसीचा खालचा बाइट आधी जातो, आणि नवखे लोक तिथे अडखळतात.

एका ग्राहकाच्या प्रोग्रामरने स्वतःचा प्रोटोकॉल लिहिताना डावीकडे सरकणारा कोड घेतला होता. दोन्ही टोकांना तोच कोड, त्यामुळे सगळं सुरळीत चालायचं. पण एखादा बर्स्ट पहिल्या बाइटच्या शेवटच्या बिटापासून तिसऱ्या बाइटच्या पहिल्या बिटापर्यंत गेला, तर तारेवर ते डेटाचे दहा बिट असतात. प्रत्येक बाइटच्या आगेमागे जाणारे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून जेमतेम दीड मिलिसेकंद. त्याच्या रजिस्टरला मात्र तेच दोन टोकांचे बिट चोवीस बिटांच्या अंतरावर दिसणार. सोळाची हद्द ओलांडली, पक्की गॅरंटी गेली, आणि टेबलावरच्या चाचणीत हे कधीच कळलं नसतं.

एक गोष्ट सीआरसीच्या हाताबाहेरची आहे. स्पाइकने स्टार्ट बिटच खाल्ला की पोर्टचं मोजणं सरकतं, अख्खा बाइट गळतो किंवा एखादा जास्तीचा येतो. मग पुढचं सगळं एका घराने हललेलं असतं आणि तो लहान बर्स्ट राहत नाही. उरतो तो फक्त ६५,५३६ चा हिशोब. म्हणून आमच्या पॅनेलमध्ये सीआरसी चुकलेले फ्रेम आणि फ्रेमिंगच्या चुका वेगवेगळ्या मोजल्या जातात, आणि फ्रेमची लांबी ठरल्याप्रमाणे नसेल तर तो सीआरसी बघण्याआधीच टाकला जातो. सर्व्हिसला गेलेला माणूस आधी हे दोन आकडे उतरवतो, मग कॉम्प्रेसर चालू-बंद करायला सांगतो. ठोक्याला आकडा वाढला तर रेकॉर्डर उघडायची गरज नसते, सरळ केबल ट्रेकडे जायचं.