‘एकूण’ या शब्दाची किंमत

नववीच्या चाचणीतलं ते गणित मला आजही पाठ आहे. ‘त्रिज्या ७ सेमी आणि उंची १० सेमी असलेल्या वृत्तचितीचे एकूण पृष्ठफळ काढा.’ मी 2πrh लिहिलं, किमती घातल्या आणि उत्तर काढलं, ४४० चौसेमी. आकडेमोडीत एक चूक नव्हती. पेपर हातात आला तेव्हा समोर भोपळा होता.

“सर, उत्तर तर पूर्णांकात आलंय!” मी हुज्जत घातली. तेव्हा आमचा समज असा की, उत्तर सुटसुटीत आलं की गणित बरोबर. सर हसले. म्हणाले, “त्रिज्या ७ आणि π ची किंमत २२/७. काहीही काढलंस तरी पूर्णांकच येणार.” खरंच, बरोबर उत्तर ७४८. तेही तितकंच गोंडस!

मग त्यांनी ड्रॉइंगचा कागद मागवला. ४४ सेमी लांब आणि १० सेमी रुंद पट्टी कापून तिची नळी केली आणि माझ्या हातात दिली. ४४ का, तर तळाच्या वर्तुळाचा परीघ तेवढा. “हे तुझं ४४०. यात तांदूळ भर बघू.” मी नळीच्या आरपार बाकावरच्या मित्राकडे पाहत होतो. वर्ग खिदळला. तळ आणि झाकण, दोन्ही चकत्या मी विसरलो होतो. एकेक १५४ चौसेमीची, म्हणजे ३०८ चौसेमी कागद गायब. 2πr(r + h) मधला तो कंसातला r म्हणजे याच दोन चकत्या, हे तेव्हा कळलं; तोवर ती दोन सूत्रं मला जुळ्या भावांसारखी दिसायची.

पायऱ्यांचे गुण तरी द्या, म्हटलं. तेही नाही मिळाले. सूत्रच दुसऱ्या प्रश्नाचं, तर पुढच्या पायऱ्याही त्याच प्रश्नाच्या, असं सरांचं म्हणणं. तेव्हा राग आला होता. त्यांनी मग फळ्यावर नुसत्या वस्तू लिहिल्या. रोड रोलर फिरतो तेव्हा फक्त वक्रपृष्ठ रस्त्याला लागतं. बिनझाकणाच्या डब्याला एकच चकती, म्हणून ५९४. झाकणाच्या डब्याला दोन्ही.

मी धडा जरा जास्तच मनावर घेतला. दहावीत अर्धगोलावर शंकू बसवलेलं खेळणं आलं, त्रिज्या ३ आणि शंकूची उंची ४. तिरकस उंची ५ काढली आणि ‘एकूण’ हा शब्द दिसताच दोघांची एकूण पृष्ठफळं मिळवून 51π लिहून मोकळा झालो. उत्तर होतं 33π, नुसती दोन वक्रपृष्ठं. जिथे ती चिकटली तिथल्या 9π च्या दोन चकत्या मी फुकटच्या धरल्या होत्या.

समासात सरांनी लाल शाईनं लिहिलं होतं, ‘आत रंग लावायला कोण शिरणार?’