आमची वाटचाल : विक्री अहवालातला शेऱ्यांचा रकाना

कारखान्यांना लागणारे फिल्टर आम्ही बनवतो. व्यवसाय लहान होता तोपर्यंत विक्रीचा अहवाल तोंडीच व्हायचा. पुढे डीलर वाढले, भागीदार आले आणि दर महिन्याला लेखी अहवाल सुरू झाला. त्यात टार्गेट, प्रत्यक्ष विक्री, फरक आणि शेवटी शेरा असे रकाने असायचे. आमच्या कामाची पद्धत सर्वांत जास्त बदलली ती या शेवटच्या रकान्यामुळे.

एका महिन्याचा शेरा असा होता : ‘बाजारात मंदी, सुट्ट्या जास्त आणि स्पर्धकांचे दर कमी असल्याने विक्रीवर परिणाम झाला. पुढील महिन्यात सुधारणा अपेक्षित.’ यातलं काहीच खोटं वाटत नव्हतं, पण वाचून पुढे काय करायचं तेही कळत नव्हतं. म्हणून विक्रीप्रमुख, हिशेब पाहणाऱ्या ताई आणि मी असे तिघं बसलो आणि तो शेरा पुन्हा लिहायला घेतला.

आधी आकडे मांडले. टार्गेट होतं 2,000 नग, सरासरी दर 2,000, म्हणजे 40 लाख. विक्री झाली 1,750 नगांची, सरासरी 1,940 दराने, म्हणजे 33.95 लाख. तूट 6.05 लाखांची. यातले 250 नग कमी गेल्याचे 5 लाख, तर दर 60 ने उतरल्याचे 1,750 नगांवर 1.05 लाख. स्पर्धकांच्या दरावरही खापर फोडलं होतं, पण दराचा वाटा एकूण तुटीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी निघाला. शिवाय सरासरी दर उतरला म्हणजे सूटच दिली असं नसतं, स्वस्त मापांचा माल जास्त गेला तरी सरासरी उतरते. ताईंनी बिलं चाळली तेव्हा 70 हजार सूट दिल्याचे आणि 35 हजार अशा मापांच्या बदलाचे निघाले.

मग प्रत्येक कारणाला प्रश्न विचारले. टार्गेट ठरवताना हे माहीत होतं का? सुट्ट्या कॅलेंडरवर आधीपासून होत्या आणि टार्गेटमध्ये धरलेल्याही होत्या, त्यामुळे त्या बाद झाल्या. हे कारण खरं असेल तर आणखी कुठे दिसायला हवं? मंदी असती तर सगळ्या मापांची मागणी घसरली असती, पण छोट्या मापांची विक्री टार्गेटच्या वर होती. तीही बाद. विक्रीप्रमुख म्हणाले, ‘सर, मग माझ्याकडे लिहायला उरलं काय?’ प्रश्न रास्त होता. उत्तर ऑर्डर रजिस्टरमध्ये सापडलं.

120 नगांची एक मोठी ऑर्डर तयार होती, पण गाडी 1 तारखेनंतर निघाली. ती विक्री गेली नव्हती, पुढे सरकली होती. 90 नगांच्या ऑर्डरी मोठ्या मापाचा माल नसल्याने रद्द झाल्या होत्या. यावर ‘पुरवठादाराने उशीर केला’ असं लिहून थांबता आलं असतं. पण खरेदीची तारीख पाहिली तर पुरवठादाराने नेहमीच्याच मुदतीत फिल्टरचं कापड दिलं होतं. मागणी वाढूनही किमान साठ्याचा आकडा जुनाच राहिल्याने आमची ऑर्डरच उशिरा गेली होती. उरलेल्या 40 नगांचं कारण सापडलं नाही.

नवा शेरा असा झाला : ‘विक्री 33.95 लाख, टार्गेटपेक्षा 6.05 लाख (15%) कमी. 2.40 लाख : 120 नगांची ऑर्डर पुढील महिन्यात गेली. 1.80 लाख : मोठ्या मापाचा साठा नसल्याने 90 नग रद्द, किमान साठा वाढवला. 1.05 लाख : सूट 0.70, मापांचा बदल 0.35. 0.80 लाख : कारण अद्याप सापडलेलं नाही, डीलरनिहाय तपासणी सुरू.’

शेवटची ओळ काढू नका, असा माझा आग्रह होता. ती नसली की उरलेली रक्कम गुपचूप मंदीच्या खात्यात जाते.

वाढीलाही आम्ही हेच प्रश्न लावतो, कारण ‘टीमच्या मेहनतीमुळे विक्री वाढली’ हा शेराही तितकाच पोकळ असतो. मात्र प्रत्येक फरकावर लिहीत बसत नाही. 5% आणि 50 हजार या दोन्हींच्या वर गेला तरच लिहितो, पण तपासतो मापानुसार. एका मापात 3 लाख वर आणि दुसऱ्यात 3 लाख खाली असेल तर बेरीज शून्य येते आणि अहवाल निरोगी दिसतो.

पुढच्या महिन्यात विक्री 41.20 लाख झाली, टार्गेट तेच 40 लाख. विक्रीप्रमुखांनी कुणी न सांगता पहिल्याच ओळीत लिहिलं : ‘यात मागील महिन्याचे 2.40 लाख आहेत. ते वगळता विक्री 38.80 लाख, टार्गेटपेक्षा 1.20 लाख कमी.’ आणि त्याखाली आधीच्या 40 नगांचा हिशेब होता. दोन लहान डीलरांनी ऑर्डर देणं बंद केलं होतं.