बॉलरांचे रन 44, बोर्डावर 47

गावच्या स्पर्धेत स्कोअर लिहायला बसणार असाल तर समितीच्या टेबलापासून लांब बसा. मी सातवीत आहे, त्यामुळे माझ्या वहीवर कोणीही बोट ठेवतं.

कुडाळजवळच्या आमच्या गावात भातकापणी झाली की मळ्यात टेनिस बॉलच्या 6 ओव्हरच्या मॅच होतात. साखळीच्या मॅच झाल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सेमीफायनलला आमच्या वाडीचे 47 झाले, समोरच्यांचे 45. आम्ही जिंकलो. तेवढ्यात समितीच्या एका काकांनी वही ओढली आणि फक्त बॉलरांच्या रकान्याची बेरीज केली.

"अगो चेडवा, हंय 44च होतत!"

झालं. समोरची टीम नाचायला लागली, फायनलचा टॉस थांबला. मी म्हटलं, बॅट्समनचे 39, वाइड 4, नोबॉल 1, बाय 3, बेरीज करा. काका म्हणाले, "रन बॉलरनेच दिले ना? मग बॉलरकडे दिसूक होये." बाय बॉलरच्या नावावर लागत नाही, चेंडू कीपरच्या हातून सुटलेला असतो, हे मी किती वेळा सांगितलं! वाइड आणि नोबॉल लागतात, बाय नाही. ऐकतंय कोण? मोठ्या माणसांना बारा वर्षांच्या मुलीकडून बेरीज शिकायची नसते.

शेवटी ओव्हरअखेरचे आकडे कामाला आले. प्रत्येक ओव्हर संपली की मी एकूण रन लिहून ठेवते: 6, 15, 19, 31, 38, 47. (हे तुम्हीही लिहाच. बोर्ड बघून लिहू नका, बोर्डवाला पोरगा भेळ खात असतो.) काकांना म्हटलं, एकेक ओव्हर बघा. चौथ्या ओव्हरला 19 चे 31, म्हणजे 12 वाढले, पण बॉलरकडे 9च. त्याच ओव्हरच्या चौकोनात त्रिकोण काढून आत 3 लिहिलेला. त्रिकोण म्हणजे बाय. अंपायरना बोलावलं. चेंडू कीपरच्या पायांतून कुंपणातल्या निवडुंगात गेला होता, तो त्यांना आठवला.

तरी काका तयार होईनात. मग मी त्यांच्याच रीतीने समोरच्या टीमची बेरीज केली. त्यांच्या 45मध्ये 4 बाय होते.

"मग त्यांचे 41 धरायचे का, काका?"

नाचणारे गप्प झाले. टॉस झाला.

एक राहिलं: अंपायरने खूण केली की तुम्ही हात वर करा, आणि तुमचा हात दिसेपर्यंत बॉलरला पुढचा चेंडू टाकू देऊ नका म्हणून अंपायरला आधीच सांगून ठेवा. आमचे अंपायर घाईत असतात, त्यांना मी आता ओरडूनच थांबवते. आणि वही पेन्सिलने लिहू नका. खोडता येतं म्हटलं की खोडणारे येतात.