चार पेजेस, एक शीट : तिसरा आठवडा

मिसळवाले, दातांचे डॉक्टर, साडीचं दुकान आणि योगवर्ग अशी चार पेजेस माझ्याकडे आहेत. शेड्युलिंगसाठी मेटा बिझनेस स्वीटचा प्लॅनर वापरतेय, फुकट आहे आणि फेसबुक-इन्स्टा दोन्ही एकाच कॅलेंडरवर दिसतात. तो लावायला एक संध्याकाळ पुरली. घोळ होता तो मंजुरीचा.

व्हॉट्सॲपवर एकदम बारा पोस्ट टाकल्या की शेठ खाली एक अंगठा टाकतात. तो बाराव्या पोस्टला की सगळ्यांना? साडीवाल्यांच्या बाबतीत मी "सगळ्यांना" असं धरलं आणि जुन्या भावाची ऑफर लागून गेली. दुपारभर गिऱ्हाईक तोच भाव मागत होतं.

आता गुरुवारी पुढच्या आठवड्याच्या पोस्ट एकाच पीडीएफमध्ये जातात. प्रत्येकीवर ठळक नंबर, खाली तारीख-वेळ. उत्तर नंबरांनीच द्यायचं : "७ सोडून सगळे लावा." मुदत शनिवारी दुपारपर्यंत. ज्या नंबराचं उत्तर नाही, ती पोस्ट लागत नाही. शीट कोणी मालक उघडत नाही, म्हणून टिक मीच करते.

खरी मजा शीटमध्ये आहे. D मध्ये चालू कॅप्शन, E मध्ये टिकचा चौकोन. मंजुरी आली की D मधला मजकूर F मध्ये Ctrl+Shift+V ने डकवते. G मध्ये हे :

```
=IF(AND(E2,EXACT(D2,F2)),"लावा","थांबा")
```

मंजुरीनंतर कॅप्शनमध्ये एक शून्य जरी हललं, तरी "थांबा" येतं. आधी नुसतं EXACT ठेवलं होतं, तर रिकाम्या ओळीसुद्धा "लावा" म्हणायला लागल्या, कारण रिकामं आणि रिकामं सारखंच! म्हणून E2 जोडलं. काल डॉक्टरांच्या ४ नंबरात मी "सायंकाळी ५" चं "६" केलं आणि लगेच "थांबा" आलं. त्यांना परत विचारलं तर वेळ ५ चीच होती, चूक माझी.

फोटो बदलला तर मात्र हे सूत्र आंधळं आहे. त्यासाठी फाइलच्या नावात नंबर आणि आवृत्ती लिहिते, उदाहरणार्थ misal_07_v2, आणि तेच नाव पीडीएफमध्ये फोटोखाली असतं. प्लॅनरमध्ये चढवताना दोन्ही नावं डोळ्यांनी जुळवावी लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा उपाय सापडलेला नाही.

एक गोष्ट उशिरा सुचली. मिसळवाल्यांच्या घरी दुःखद प्रसंग घडला आणि त्याच सकाळी "या, तर्रीचा धमाका" लागली. मला दुपारी कळलं. आता प्रत्येक मालकाला सांगून ठेवलंय, नुसतं "थांब" लिहा. ते आलं की आधी त्या पेजच्या सगळ्या शेड्युल केलेल्या पोस्ट ड्राफ्टमध्ये नेते, कारण काय ते नंतर विचारते.

योगवाल्या ताई अजूनही नंबर न लिहिता "छान!" पाठवतात. त्यांना दर शनिवारी फोनच करते.