पहिल्या बादलीतलं पाणी आणि टाकीच्या तोंडाचा एनआरव्ही

दूषित पाण्याची तक्रार केली की पाणीपुरवठा कार्यालयाचा माणूस बाटली घेऊन येतो, नळ काही मिनिटं मोकळा सोडतो आणि मग नमुना घेतो. मेन लाइनचं पाणी कसं आहे हे बघायचं असेल तर ही पद्धत बरोबरच आहे, कारण घरातल्या पाइपात साचलेलं पाणी आधी निघून जावं लागतं. पण आमच्याकडे घाण होती ती नेमकी त्या निघून जाणाऱ्या पाण्यात. पाणी सुटल्यावर थेट लाइनच्या नळाला पहिली बादली पिवळट यायची आणि तिला शेवाळल्यासारखा वास असायचा. दुसरी बादली स्वच्छ. त्यामुळे अहवाल दर वेळी ‘पिण्यास योग्य’ आणि तक्रार दर वेळी बंद.

मी कार्यालयात सांगत होते की पहिलं पाणी घ्या. खिडकीवरचं उत्तर ठरलेलं होतं, “लाइन आमची, टाकी तुमची. लाइन स्वच्छ आहे, टाकी धुऊन घ्या.” टाकी धुतली होती. शिवाय हा नळ टाकीवर नव्हताच, मीटरनंतर टी काढून थेट घेतलेला होता. मग टाकीचा वास त्याला कुठून? हा प्रश्न ऐकून घ्यायला तिथे कोणी तयार नव्हतं. लाइन आणि टाकी जिथे एकमेकींना भेटतात, ती जागा कोणाच्याच अर्जात बसत नव्हती. याचा राग मला अजून येतो, कारण त्या जागेवरून जाणारं पाणी फक्त आमच्या घरात येत नव्हतं.

उत्तर मीटरने दिलं. एका सकाळी आकडा आदल्या रात्रीपेक्षा कमी दिसला आणि मला वाटलं वाचताना चूक झाली. म्हणून मग नीट बेत केला. रात्री पंप बंद झाल्यावर टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूची रेघ मारली आणि मीटरचा फोटो काढला, १४८२.६. सकाळी पाणी यायच्या आधी पाहिलं तर पातळी रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली होती आणि मीटर १४८२.३ दाखवत होता. आमची जमिनीखालची टाकी आतून ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे. ५ सेंटिमीटर म्हणजे ३०० लिटर, आणि मीटरही ०.३ घनमीटरच मागे गेला होता. टाकी गळत असेल अशी शंका कोणी काढू नये म्हणून पुढच्या रात्री मीटरजवळची चावी बंद ठेवली. त्या रात्री पातळी रेघेवरच राहिली.

आमच्याकडचं मीटर उलटं फिरू शकणाऱ्या जातीचं होतं म्हणून हे कळलं. काही मीटरमध्ये उलट प्रवाह अडवणारी झडप आतच असते, काहींचा आकडा मागे जात नाही, त्यामुळे आकडा हलला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. खडूची रेघ आणि बंद चावी ही जोडी मात्र कुठेही चालते. रात्री टाकीतून कोणी पाणी उपसणार नाही एवढं बघा.

हे घडतं कसं, ते टाकीचं झाकण उघडल्यावर प्लंबरने दाखवलं. पाणी पडताना आवाज होऊ नये म्हणून बॉल कॉकला खाली एक पाइप जोडून तो जवळजवळ तळापर्यंत नेला होता. रात्री पंप पाणी वर चढवतो, टाकीची पातळी उतरते, बॉल कॉक उघडतो. त्याच वेळी मेन लाइनचा दाब गेलेला असतो आणि रस्त्याच्या उतारावर कुठेतरी गळतीतून किंवा उघड्या नळांतून लाइन रिकामी होत असते. पाण्यात बुडालेला पाइप, मधे हवा शिरायला जागा नाही आणि दुसरं टोक खालच्या पातळीवर. डब्यातून नळीने रॉकेल काढावं तसं टाकीचं पाणी तळाच्या गाळासकट रस्त्याच्या लाइनमध्ये ओढलं जातं. कोणी लाइनवर थेट पंप लावून पाणी खेचत असेल तर ओढ आणखी वाढते.

सकाळी दाब आला की तेच पाणी परत ढकललं जातं. मीटरपासून रस्त्यापर्यंतचा आमचा पाइप २५ मिलिमीटरचा आणि सुमारे २० मीटर लांब, त्यात साधारण १० लिटर पाणी मावतं. आमची घाण पहिली बादलीभरच का, ते यावरून समजलं. उरलेलं जवळपास २९० लिटर रस्त्याच्या लाइनमध्ये गेलं होतं, म्हणजे शेजाऱ्यांच्या नळांकडे.

फोटो आणि हा हिशोब घेऊन मी खिडकी सोडून थेट अभियंत्यांकडे गेले. त्यांनी आकडे शांतपणे वाचले आणि विचारलं, “पाणी किती वाजता सुटतं?” मग त्यांचा माणूस पाणी सुटताना आला, नळ न सोडता पहिलं पाणी घेतलं आणि नंतरचं वेगळ्या बाटलीत. पहिल्यात मोकळा क्लोरीन जवळजवळ नव्हता आणि कोलिफॉर्म जिवाणू सापडले, दुसऱ्यात दोन्ही ठीक. नुसतं पाइपात साचून राहिल्यानेही क्लोरीन उतरतो, त्यामुळे एकट्या क्लोरीनवरून निष्कर्ष काढता आला नसता. मीटर, रेघ आणि नमुना एकत्र ठेवल्यावर मात्र कोणी वाद घातला नाही. तुम्हीही तक्रारीत ‘पहिल्या धारेचा नमुना घ्यावा’ असं लेखीच मागा.

दुरुस्तीचं काम अर्ध्या दिवसाचं. प्लंबर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, मीटरला लागून बसवणार होता. मी नको म्हणाले, कारण तिथे बसवला तर रस्ता वाचतो, पण टाकी आणि आमचा थेट नळ एकाच पाइपावर जोडलेले राहतात. तो टीच्या पुढे, टाकीकडे जाणाऱ्या फाट्यावर बसवला. आता नळही वाचतो आणि रस्ताही. बाण टाकीच्या दिशेला आहे ना, ते स्वतः बघून घ्या.

काही दिवस मीटर जागच्या जागी राहिला आणि मग पुन्हा थोडा मागे गेला. एनआरव्ही खोलला तर फ्लॅप आणि त्याच्या बैठकीच्या मधे वाळूचा खडा अडकला होता. तेव्हा त्याच्या आधी जाळीची गाळणी बसवली आणि फ्लॅपचा काढून स्प्रिंगचा घातला. उलटा दाब अगदी कमी असेल तर फ्लॅप घट्ट बसत नाही, स्प्रिंग बसवते. मात्र स्प्रिंग उघडायला थोडा दाब खर्च होतो. पाणी आधीच बारीक येत असेल तर हलक्या स्प्रिंगचाच मागा.

एकट्या झडपेच्या भरवशावर मी आता राहत नाही. बॉल कॉकखालचा पाइप कापून टाकला आणि पाणी पडण्याचं तोंड ओव्हरफ्लोच्या पातळीपेक्षा वर घेतलं. पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट अंतर हवं, म्हणजे आमच्या २५ मिलिमीटरला किमान ५०. आता एनआरव्ही अडकला तरी लाइन हवा ओढेल, पाणी नाही. पाणी पडण्याचा आवाज येतो आणि त्याबद्दल घरात कुरकुर झाली, पण तो पाइप मी परत लावू दिला नाही.

झडपेच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, आणि आधी एक चावी ठेवा, नाहीतर गाळणी धुण्यासाठी पाइप कापावा लागतो. टाकी उंचावर असेल आणि पाणी तिच्यात खालून शिरत असेल, तर चावी आणि एनआरव्हीच्या मधे एक छोटा नळही काढून घ्या. चावी बंद करून तो उघडायचा. थोडं पाणी येऊन थांबलं तर झडप धरते आहे, धार चालूच राहिली तर ती टाकीतून उलटी येते आहे.