टाकी तळघरात, अंघोळ वरच्या मजल्यावर

इथे अमेरिकेत, ओहायोतल्या घरांत बाथरूममध्ये गीझर नसतो, हे ठाण्याहून पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला चमत्कारिक वाटतं. अख्ख्या घराला मिळून एकच टाकी, १९० लिटरच्या आसपासची, आणि तीही तळघरात. आई इथे होती तेव्हा वरच्या बेसिनचा गरम नळ सोडून उभी राहायची आणि थोड्या वेळाने हाक मारायची, "अगं, गीझर लावलायस ना?" इथे तो लावायचा-बंद करायचा प्रश्नच नसतो, पाणी चोवीस तास तापलेलं असतं. पण तळघर ते नळ या वाटेत रात्रभर गार पडलेलं पाणी असतं, आणि ते आधी बाहेर आल्याशिवाय मागचं गरम पाणी पुढे येऊ शकत नाही.

ओहायोच्या जानेवारीत हे वाट पाहणं भारी पडतं, म्हणून मी एकदा टेप घेऊन तळघरात उतरले. टाकीपासून वरच्या बाथरूमपर्यंत साधारण १८ मीटर पाऊण इंची तांब्याचा पाइप आणि शेवटचे ३ मीटर अर्धा इंची. पाऊण इंची पाइपात मीटरला सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं, अर्धा इंचीत त्याच्या निम्मं. म्हणजे वाटेत जवळजवळ ६ लिटर. बेसिनचा नळ मिनिटाला साडेपाच-पावणेसहा लिटर सोडतो, म्हणजे हिशेबाने एक मिनिट. प्रत्यक्षात दीड लागतं, कारण गार पाइप स्वतःही उष्णता शोषून घेतो आणि पुढचं गरम पाणी मागे राहिलेल्या गारात मिसळत येतं. शॉवर जास्त पाणी सोडतो, त्यामुळे त्याच बाथरूममध्ये तो बेसिनच्या आधी तापतो. टाकीच्या बरोबर वर असलेल्या स्वयंपाकघरात तर नळ सोडताच पाणी गरम.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे दादाने घोडबंदर रोडचा फ्लॅट उघडून ठेवलाय. दोन्ही बाथरूममधले विजेचे गीझर काढायचे आणि ड्राय बाल्कनीत पाइप गॅसवरचा एकच गीझर लावायचा, असा बेत. बाल्कनीची जागा बरोबरच आहे. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा धोका, तिथे तो लावूच नये. पण ड्राय बाल्कनी एका टोकाला आणि मास्टर बेडरूमची बाथरूम दुसऱ्या. फॉल्स सीलिंगमधून १४ मीटर पाऊण इंची सीपीव्हीसी, मग भिंतीतून खाली ३ मीटर अर्धा इंची. सीपीव्हीसीचा आतला व्यास तांब्यापेक्षा थोडा कमी, तरी हिशेब ४ लिटरच्या जवळ जातो.

"चारच लिटर ना? बादलीत पडू दे," दादा म्हणाला.

आणि बादलीपुरतं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. वीस लिटरची बादली भरताना पहिले चार लिटर गार आले तरी ते वाया जात नाहीत. गरम पाण्यात नाहीतरी गार मिसळायचंच असतं. बादलीने अंघोळ करणाऱ्या घराला पाइपाची लांबी जाणवतच नाही. पण वहिनीला शॉवर हवाय आणि भाच्याला सकाळी बेसिनवर कोमट पाणी. इथे दुसरी गोष्ट आडवी येते. हा गीझर पाण्याच्या ओघाने पेटतो. ओघ साधारण मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या खाली गेला की बर्नर पेटतच नाही. बेसिनला बारीक धारेचा नळ असेल, किंवा मिक्सर मध्यावर ठेवला असेल, तर गरम बाजूने तेवढं पाणी वाहतच नाही. मग चार लिटर जाऊन आठ गेले तरी पाणी गारच. ओळखायचं कसं? बाल्कनीत कोणाला तरी उभं करा. ठिणगीची टकटक आणि बर्नर पेटल्याचा भप्प आवाज आला नाही, तर दोष लांबीचा नाही, ओघाचा आहे.

प्लंबरने त्याला सांगितलं होतं की पाइपाला फोम गुंडाळला की पाणी लगेच येईल. येणार नाही. फोमने गार पाणी गरम होत नाही, गरम पाणी गार व्हायला उशीर लागतो, इतकंच. दादाची अंघोळ झाली आणि वीस मिनिटांनी वहिनी गेली, तर पाइपात राहिलेलं पाणी अजून कामाचं असेल. उघड्या पाइपापेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ ते टिकतं. पण रात्रभरात फोमच्या आतलंही पाणी थंड होतं, त्यामुळे सकाळच्या पहिल्या माणसाला काडीचा फरक पडत नाही. सीलिंगमधल्या भागाला जरूर लावावा, स्वस्तही आहे. भिंतीतल्या पाइपाला लावायचा तर खाच रुंद हवी, आणि हे टाइल्स लागायच्या आधी सांगावं लागतं.

"मग तुझ्याकडे आहे तसा पंप लावू का?" दादाचा पुढचा प्रश्न.

माझ्याकडे टाकीजवळ छोटा पंप आहे आणि सगळ्यात लांबच्या बेसिनखाली एक व्हॉल्व्ह. पंप गरम लाइनमधलं गार पाणी त्या व्हॉल्व्हमधून गार पाण्याच्या लाइनीत ढकलतो. पाणी ३७-३८ अंशांना पोचलं की व्हॉल्व्ह बंद. तिसरा पाइप टाकायला नको, हा मोठा फायदा. तोटा असा की नंतर थोडा वेळ गार नळालाही कोमट पाणी येतं. व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर गार नळ सतत कोमट आणि गरम नळ कधीच पुरेसा गरम नाही, अशी दोन्हीकडून बोंब. त्या बेसिनखालचा गार पाण्याचा अँगल कॉक बंद करून बघितलं की उलगडा होतो.

परतीची वेगळी लाइन टाकून दिवसभर पाणी फिरवत ठेवणारेही इथे आहेत. ५० अंशांचा उघडा पाइप मीटरला सुमारे २० वॅट उष्णता घालवतो. जाऊन-येऊन ४० मीटर म्हणजे ८०० वॅट, दिवसाला १९ युनिटांएवढी उष्णता भिंतींना दान! फोम लावला की हे एक तृतीयांशावर येतं, तरी मला ते पटत नाही. आमचा पंप बटणावर आहे. बटण दाबायचं, टॉवेल घेऊन यायचं, तोवर तो पाणी पोचवून थांबलेला असतो.

दादाच्या गीझरला मात्र यातलं काही चालणार नाही. तिथे गरम पाण्याचा साठाच नाही. असा पंप व्हॉल्व्हमधून ढकलतो तो ओघ बर्नर पेटवण्याइतका असेलच याचा भरवसा नाही, आणि पेटला तरी तो पुन्हा पुन्हा पेटत-विझत राहणार.

उरली लाइन बारीक करण्याची वाट. सगळीकडे अर्धा इंची टाकली तर १७ मीटरमध्ये जेमतेम २ लिटर, वाट बघणं निम्मं. पण घर्षण वाढतं: मिनिटाला ६ लिटरच्या ओघाला एल्बोसकट दोनेक मीटर पाण्याचा दाब त्यातच जातो. दादा चौथ्या मजल्यावर, टाकी सातव्याच्या वर, त्यामुळे त्याला परवडलं असतं. सर्वात वरच्या मजल्यावरच्यांनी हे करू नये, त्यांच्याकडे दाब मुळातच तुटपुंजा असतो.

शेवटी निकाल वहिनीने दिला. गॅस गीझर स्वयंपाकघराला आणि त्याला लागून असलेल्या कॉमन बाथरूमला. मास्टरमध्ये जुना १५ लिटरचा विजेचा गीझर परत त्याच खुंटीवर, शॉवरपासून दोन हातांवर.